वरच्या मजल्यावरचं मशीन आणि माझी दोन पत्रं

आम्ही बडोद्यात दांडिया बाजारच्या मागच्या बाजूला राहतो. जुना वाडा पाडून बांधलेली चार मजली बिल्डिंग आहे, आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि आमच्या बरोबर डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर नानांचा फ्लॅट. नाना म्हणजे वाड्यातले आमचे जुने शेजारी, सासूबाईंना अजून वहिनी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी ते मुलीकडे पुण्याला गेले आणि फ्लॅट भाड्याने दिला. पहिले भाडेकरू गुजराती होते, कधी आवाजाची तक्रार करायची वेळ आली नाही. या जूनमध्ये नवीन भाडेकरू आले, कोइमतूरचे, मकरपुरा जीआयडीसीत नोकरीला, सध्या एकटेच राहतात आणि बायको नंतर येणार आहे असं वॉचमनकडून कळलं.

जुलैच्या सुरुवातीपासून रात्री साडेबाराच्या पुढे मागे एक आवाज यायला लागला. आधी घुंईं असं वाढत जायचं, मग धडधडधड, जसं कुणीतरी जड टेबल हलवतंय आणि थांबतच नाहीये, सासूबाईंच्या खोलीतल्या कपाटाचा आरसा थरथरायचा आणि आठ-नऊ मिनिटांनी एकदम सगळं शांत. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत, त्यांना गोळी घेऊन साडेअकराला कशीबशी झोप लागते आणि ती एकदा मोडली की पहाटे चारपर्यंत डोळे उघडे. पहिल्या दिवशी तर त्यांना भूकंपच वाटला, बाराच्या पुढे मला हाका मारत उठून बसल्या होत्या, हात गार पडलेले. बडोद्यातल्या लोकांना २००१ चा भूकंप विसरता येत नाही, त्यामुळे भिंत थरथरली की जीव वर येतो हे मी समजू शकते.

तरी मी लगेच वर गेले नाही. आवाज नक्की कुठून येतोय हे माहीत नसताना कुणाचं दार वाजवायचं? बिल्डिंगमध्ये आवाज स्लॅब आणि कॉलममधून फिरतो, डोक्यावर वाटतो आणि येत असतो तिरक्या फ्लॅटमधून. मला आधी खालच्या पाण्याच्या मोटरचा संशय आला. म्हणून एका रात्री आवाज सुरू झाला तशी जिन्याने खाली उतरले, तर जितकं खाली जावं तितका आवाज कमी होत गेला, म्हणजे मोटर नव्हे. मग वर येऊन आमच्या चोकडीत उभी राहिले (कपडे-भांडी धुवायच्या जागेला आम्ही बडोद्याचे मराठी लोकही चोकडीच म्हणतो) आणि भिंतीला तळहात लावला तर तिथे थरथर सगळ्यात जास्त होती. आमची चोकडी सासूबाईंच्या खोलीला लागून आहे आणि सगळ्या मजल्यांवर रचना एकसारखी, म्हणजे वरची चोकडी बरोबर त्याच्या डोक्यावर. शेजारच्या बेनला विचारलं तर त्यांना फक्त हलकी घरघर ऐकू येत होती. आणखी एक गोष्ट लक्षात आली, धडधड सुरू व्हायच्या साधारण पाऊण तास आधी वरच्या पाइपमधून पाणी पडायचा आवाज यायचा. पाणी, मग पाऊण तास, मग धडधड. वॉशिंग मशीन आणि त्याचं शेवटचं स्पिन, दुसरं काही असूच शकत नाही.

मग मी एक वही केली. तारीख, सुरू कधी झालं, बंद कधी झालं, बस. नऊ रात्रींत चार वेळा, दरवेळी १२:३५ ते १२:५० च्या मधे. हे करताना मला स्वतःलाच जरा बरं वाटलं कारण चिडून मी सगळ्यांना "रोज रात्री" असं सांगत होते आणि ते रोज नव्हतं. तक्रारीत आपण रोज म्हटलं आणि समोरच्याला माहीत आहे की त्याने आठवड्यात दोन-तीनदाच मशीन लावलंय, की आपलं बाकीचं खरंही त्याला खोटं वाटायला लागतं.

सोसायटीत एक-दोघांनी सांगितलं सरळ १०० नंबर लावा, कायदा आहे. कायदा आहे हे खरं. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि राहत्या भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मुलाने फोनवर ॲप टाकून मोजलं, एरवी खोलीत ३३-३४ आणि धडधडीच्या वेळी ४८ ते ५०. पण फोनचं माप काही प्रमाणित नसतं, आणि ते आकडे त्या भागातल्या एकंदर आवाजासाठी आहेत, स्लॅबमधून उतरणाऱ्या थरथरीसाठी नाहीत. शिवाय डेसिबलचं जे माप सगळीकडे वापरतात ते खालच्या सुराचे आवाज कमी धरून मोजतं. मुलगा इंजिनियरिंगला आहे, त्याने हिशोब करून दाखवला, मशीन मिनिटाला १२०० फेरे मारत असेल तर सेकंदाला २०, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या अगदी खालच्या टोकाला. तो आवाज कानापेक्षा पलंगाच्या पायांतून जास्त कळतो. म्हणून मी ठरवलं की पत्रात डेसिबल लिहायचाच नाही, वेळ लिहायची आणि काय होतं ते लिहायचं. आणि ज्या माणसाशी अजून एक शब्द बोललो नाही त्याच्या दारात पोलीस उभे करणं मला पटतही नव्हतं.

पहिलं पत्र नानांना. फ्लॅट त्यांचा, संबंध त्यांच्याशी, त्यांना डावलून भाडेकरूशी बोललं असतं तर ते दुखावले असते. मी व्हॉट्सॲपवरच लिहिलं पण पत्रासारखं लिहिलं, ते असं:

"ती. नानांना सा. न. वि. वि. तुमची तब्येत कशी आहे? इकडे सगळं ठीक, आईंचे गुडघे तेवढे पावसाळ्यामुळे दुखतात. एक छोटीशी गोष्ट सांगायची होती, मनावर घेऊ नका. तुमच्या वरच्या घरातून हल्ली रात्री जरा आवाज येतो, आईंची झोप मोडते. त्या बिचाऱ्यांच्या लक्षातही आलं नसेल. तुमच्या सोयीने त्यांच्या कानावर घातलंत तर बरं होईल. घाई मुळीच नाही. काकूंना नमस्कार."

मराठीत हे पत्र अगदी बरोबर आहे असं मला आजही वाटतं. नानांना ते दोन मिनिटांत पोचलं. मी "जरा आवाज" लिहिलं तरी तो जरा नाही हे त्यांना कळलं, कारण मी जराशासाठी लिहिणार नाही हे ते ३० वर्षं ओळखतात. "घाई नाही" म्हणजे या आठवड्यात करा, हेही कळलं. त्यांचा लगेच फोन, "अगं वहिनींची झोप मोडते आणि तू घाई नाही म्हणतेस, आजच बोलतो." आणि बोललेसुद्धा.

पण आवाज तसाच राहिला. बुधवारी परत, शनिवारी परत. मला मनातून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, रागही आला की सांगूनही माणूस ऐकत नाही. ते नंतर कळलं की ऐकत होते, आणि मनापासून ऐकत होते. नानांनी त्यांना फोनवर मोडक्या इंग्रजीत सांगितलं होतं की खालच्यांना रात्री तुमच्या आवाजाचा त्रास होतो. त्यांना वाटलं टीव्ही. त्यांनी टीव्ही बंद केला, इयरफोन लावायला लागले, खुर्चीच्या पायांना रबराच्या टोप्या घातल्या आणि घरात मऊ चपला वापरायला लागले. मशीनचा आवाज खाली जात असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. चूक माझी होती, मी नानांना "आवाज" लिहिलं, कसला आणि कधी ते लिहिलंच नाही. आमच्या दोघांत जे न बोलता कळतं ते तिसऱ्या माणसापर्यंत पोचताना गळून गेलं.

मी नानांना परत फोन केला तेव्हा ते म्हणाले, "तूच सरळ लिही त्यांना, मी सांगून ठेवतो, पण इंग्रजीत लिही हां, हिंदी त्यांना फार येत नाही." गुजराती तर नाहीच.

आता इंग्रजी मला वाचता येतं, लिहिताना अडखळते. मी सरळ मराठी पत्रच समोर ठेवलं आणि एकेक वाक्य इंग्रजीत करत गेले. झालं ते मुलाला दाखवलं, तो वाचून म्हणाला, "आई, हे अर्धं नोटीस वाटतंय आणि अर्धं कळतच नाहीये." मला आधी पटलं नाही, मग आम्ही दोघं बसून बघितलं आणि त्याचं बरोबर होतं.

"तुमच्या लक्षात आलं नसेल" हे मी मराठीत समोरच्याला सांभाळून घ्यायला लिहिते, त्याचं मी केलं होतं "यू डोन्ट नो", आणि ते तर तुम्हाला काही समजत नाही असं वाचलं जातं. "बघा ना जरा" याचं झालं "काइंडली लुक इनटू द मॅटर", ते ऑफिसमधून आलेल्या कागदासारखं. आपल्याकडे काइंडली म्हणजे नम्र असं आपण शाळेत शिकलो, पण आता तो शब्द बँकेच्या आणि लाइटबिलाच्या पत्रात इतका वापरलाय की त्यातली विनंती निघून गेलीय. आणि "मनावर घेऊ नका, घाई नाही" हे तसंच इंग्रजीत लिहिल्यावर तो माणूस म्हणणार, मग लिहिलंय कशाला?

सगळ्यात मोठी अडचण ही की मराठीत माझा अर्धा आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो. "घातलंत तर बरं होईल", त्या एका "लंत" मध्ये मान आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू, तिथे मान दाखवायचा तर विनंती प्रश्न करून विचारावी लागते आणि कारण सांगावं लागतं. मुलगा एक फार चांगलं बोलला, की इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नाही, तर कठीण आणि गोड शब्द नको, छोटी वाक्यं कर आणि आकडे लिही.

म्हणून पहिला कागद बाजूला ठेवला आणि परत लिहिलं. आधी आम्ही कोण, मग काय ऐकू येतं, मग कधी, मग घरात कोणाला त्रास होतो, मग नेमकं काय हवंय, आणि शेवटी या खाली, चहाला या. सुरुवात होती, "वी आर युअर नेबर्स ऑन द सेकंड फ्लोअर, जस्ट बिलो युअर फ्लॅट." मग, "ऑन सम नाइट्स, अराउंड १२:४० ए.एम., वी हिअर अ लाऊड शेकिंग साउंड फॉर अबाउट नाइन मिनिट्स, लाइक समवन मूव्हिंग अ हेवी टेबल." थम्पिंग हा शब्द मुलाने सुचवला होता पण तो आम्ही काढला, टेबलाचं चित्र कुणालाही कळतं. त्याखाली चार तारखा वहीतून. मग, "वी थिंक इट मे बी द वॉशिंग मशीन, बट वी आर नॉट शुअर." हे वाक्य मी मुद्दाम ठेवलं, कारण मला नव्वद टक्के खात्री असली तरी वर जाऊन मी बघितलेलं नव्हतं. मग, "माय मदर-इन-लॉ इज एटी-टू अँड शी कॅनॉट स्लीप अगेन आफ्टर इट." आणि मग विनंती, एकच, "वुड इट बी पॉसिबल टू रन इट बिफोर टेन ॲट नाइट, ऑर इन द मॉर्निंग? इफ दॅट इज डिफिकल्ट बिकॉज ऑफ युअर ड्यूटी, प्लीज टेल अस, वी विल फाइंड सम अदर वे." शेवटी माझं नाव, फ्लॅट नंबर, फोन नंबर.

ते ड्यूटीचं वाक्य नसतं तर पुढचं काही घडलं नसतं असं मला वाटतं. ते रात्रीच मशीन का लावतात याला काहीतरी कारण असणार, कुणी हौसेने रात्री बाराला कपडे धुवायला बसत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. ५० लोकांसमोर, त्यातही गुजरातीत चाललेल्या ग्रुपवर, एकट्या परक्या माणसाकडे बोट दाखवायचं म्हणजे तो कायमचा दूर गेला. आणि रात्री आवाज चालू असताना मेसेजही नाही करायचा, तेव्हा आपला राग शब्दांत उतरतोच. कागद हाताने लिहिला, दुपारी साडेबाराला, ते उठून ड्यूटीला निघायच्या आधी दाराखालून सरकवला. बरोबर काही खाऊ द्यावा असं मनात आलं होतं, पण तक्रारीबरोबर खाऊ दिला तर माणसाला उत्तर देताना आणखी अवघड होतं, म्हणून नाही दिला.

एक वाजता बेल वाजली. तेच, कामाचा युनिफॉर्म घालून, हातात माझा कागद. वय ३२-३३ असेल. "आंटी, सॉरी, आय डिड नॉट नो," तीन-चार वेळा म्हणाले आणि मग ती टीव्हीची आणि चपलांची हकीकत सांगितली, ती ऐकून माझ्याच पोटात कालवलं. दुसरी शिफ्ट, दुपारी तीन ते रात्री साडेअकरा, घरी पोचायला बाराला पाच-दहा कमी. युनिफॉर्मचे दोनच जोड, आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून आल्या आल्या मशीन लावायचे आणि स्पिन सगळ्यात वरचं, १२०० वर, की सकाळपर्यंत पंख्याखाली वाळेल.

त्यांनीच सुचवलं की मी वर मशीन लावतो आणि खाली येऊन स्वतः ऐकतो. रविवारी संध्याकाळी सहाला त्यांनी मशीनमध्ये कपडे टाकून नुसतं स्पिन लावलं आणि जिना उतरून सासूबाईंच्या खोलीत येऊन उभे राहिले. आरसा वाजायला लागला तसा त्यांचा चेहरा उतरला. वर त्यांना तो आवाज इतका वाटतच नव्हता, मशीन जरा सरकतं एवढंच त्यांना माहीत होतं, जुनं झालंय म्हणून असेल असं वाटत होतं. वरच्याला खालचा आवाज कळत नाही, हे शंभर वेळा सांगून जे झालं नसतं ते त्या दोन मिनिटांत झालं.

मशीन सरकतं म्हटल्यावर माझा मुलगा वर बघायला गेला. समोरून दार असलेलं मशीन, पाय बघायला तरी नीट टेकलेले. मग त्याने मागे टॉर्च मारला आणि खाली येऊन म्हणाला, "आई, मागचे बोल्टच काढलेले नाहीत."

हे मला अजिबात माहीत नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये आतलं ड्रम स्प्रिंगा आणि शॉकअपवर टांगलेलं असतं, म्हणजे ते फिरताना हलेल पण बाहेरचा डबा हलणार नाही. ट्रकमध्ये नेताना ड्रम आपटू नये म्हणून मागून तीन-चार लांब बोल्ट घालून ते डब्याला घट्ट आवळतात, त्याला ट्रान्झिट बोल्ट म्हणतात. नवीन मशीन बसवायला येणारा माणूस ते काढतो आणि भोकांवर प्लॅस्टिकची झाकणं लावतो. यांनी कोइमतूरहून सामान हलवताना पॅकिंगवाल्यांनी शहाणपणाने ते बोल्ट परत घातले, पण बडोद्यात पोचल्यावर काढायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. बोल्ट तसेच असले की ड्रमची सगळी थरथर सरळ डब्यात, डब्यातून फरशीत आणि फरशीतून आमच्या छतात. ओळखायची खूण हीच, धुताना मशीन ठीक चालतं आणि स्पिनला जागेवरून चालत सुटतं, आणि मागे झाकणांच्या जागी बोल्टची डोकी दिसतात. असं जास्त दिवस चालवलं तर मशीनचंही नुकसान होतं, त्यामुळे ते नंतर म्हणाले की तुमच्या कागदाने माझं मशीन वाचलं.

सोमवारी मेकॅनिक आला, चारही बोल्ट पान्याने काढले, मशीन लेव्हलमध्ये केलं, एक पाय थोडा वर होता तो खाली केला. एवढ्याला अर्धा तास लागला. मग परत तीच परीक्षा, ते वर, मी खाली आरशासमोर. आरसा हलला नाही. एक हलकी घरघर राहिली, पंखा चालू असेल तर कळणारही नाही अशी. रबराचे पॅड पायाखाली घातले ते नंतर, त्याने फार फरक पडला असं मला वाटत नाही, खरा फरक बोल्टनेच पडला.

पण रात्री एकदम शांत असताना ती घरघरही सासूबाईंना जाणवेल ही मला धास्ती होती, आणि आता मला ते बोलायला काही अवघड वाटलं नाही. मशीनमध्ये उशिरा सुरू करायची सोय असते, मुलाने ती दाखवली. आता ते रात्री आल्यावर कपडे टाकून ठेवतात आणि सकाळी आठला धुणं संपेल असं लावतात. साडेआठला उठून वाळत घालतात, दुपारी अडीचपर्यंत पंख्याखाली युनिफॉर्म वाळतो, स्पिन १२०० चं १००० केलं तरी वाळतो असं त्यांनी बघितलं. कधी एखाद्या रात्री लावावंच लागलं तर आधी मला मेसेज येतो, आत्तापर्यंत दोनदा आला, मी सासूबाईंना झोपायच्या आधी सांगून ठेवते आणि सांगितलेलं असलं की त्यांना जागही येत नाही.

नानांना मी सगळं कळवलं, यावेळी मराठीत लिहितानाही वेळ, मशीन, बोल्ट सगळं नाव घेऊन लिहिलं. त्यांचा फोन आला, "त्या मुलाला सांग, वहिनींना भेटून येत जा अधूनमधून." तो येतो. सासूबाई त्याच्याशी मराठीत बोलतात, तो तमिळ वळणाच्या इंग्रजीत, आणि मी आत चहा ठेवते.

ते चार बोल्ट त्याने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मशीनच्या मागे टेपने चिकटवून ठेवलेत, वर तारीख आणि मोठ्या अक्षरात लिहिलंय की शिफ्टिंगच्या वेळी घाला आणि पोचल्यावर काढा. तमिळमध्ये आणि इंग्रजीत.